दोन अक्षरांमधलं रान

माझ्या हाताखालून या शहरातल्या किती दुकानांच्या पाट्या गेल्या, ते मी कधी मोजलं नाही. मोजणं हा माझा स्वभावच नाही. आणि माझ्या कामात कुणी टेप घेऊन शिरलं की माझा पारा चढतो. म्हणून हर्सूलच्या पुढे, फुलंब्रीच्या रस्त्यावरच्या त्या बोर्डाची गोष्ट सांगताना मला आजही आधी राग येतो आणि मग हसू येतं.

फ्लेक्स आले तसं माझं काम आटलं. चार-पाच वर्षं मी नंबर प्लेटी आणि शाळेच्या भिंतींवरचे सुविचार रंगवून हात चालता ठेवला. त्यात मागच्या वर्षी एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. अशात एक दिवस एक वहिनी घर शोधत आल्या. पन्नाशीच्या, हाताला तिखटाचा वास. म्हणाल्या, "पेंटरभाऊ, मला हातानं लिव्हलेला बोर्ड पायजे. गाळा घेतला तवाच फ्लेक्स लावून ठेवला व्हता. दुकान सुरू व्हायच्या आधीच, एका उन्हाळ्यात त्यावरच्या फोटोतली चटणी निळी पडली."

त्यांची हकीकत अशी. वीस वर्षं त्या घरी चटण्या कुटत होत्या आणि एका मोठ्या दुकानदाराला देत होत्या. तो त्यावर आपलं लेबल लावून विकायचा. "समद्या फुलंब्रीनं माझी चटणी खाल्ली भाऊ, पण माझी म्हणून कुणीच नाय खाल्ली." आता त्यांनी रस्त्याला लागून गाळा घेतला होता. गुरुवारी सुरुवात. सकाळ-संध्याकाळ फुलंब्रीहून शहरात नोकरीला ये-जा करणाऱ्यांच्या बस समोरून जातात. त्या बसमधल्या माणसाला चालत्या गाडीतून वाचता आलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. नाव ठरलं होतं : घरची चटणी.

सोमवारी सकाळी मी पोचलो. आठ फुटी पत्र्याला गडद हिरवा हात आधीच मारून वाळवून ठेवला होता. दोरीला खडूची पूड लावून वरची आणि खालची ओळ मारली. मग खडूनं अक्षरं बसवली. आधी नुसते सांगाडे, मग जाडी. रंगाचा डबा उघडायच्या आधी हे करावंच लागतं, कारण खडू पुसता येतो, ऑइलपेंट पुसता येत नाही. अर्धा दिवस हलवाहलवी केली, लांब जाऊन डोळे बारीक करून बघितलं, पुन्हा हलवलं. मनासारखं झाल्यावर चहा प्यायला कोपऱ्यावर गेलो.

परत येऊन बघतो तर माझा सांगाडा गायब! ओला फडका बोर्डावर पडलेला, आणि वहिनींचे यजमान गुडघ्यावर बसून स्टीलच्या टेपनं नवीन अक्षरं आखतायत. अक्षरं माझीच, अगदी छान उतरवलेली. पण प्रत्येक दोन रेघांमध्ये बरोबर दोन इंच.

"साहेब, हे काय केलं?"

"चूक व्हती तुमची. दुरुस्त केली," ते शांतपणे म्हणाले. "एका जागी तुम्ही पावणेतीन इंच सोडले, एका जागी एकच. मी मोजलं ना."

हे गृहस्थ जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी भावाभावांच्या वाटण्या करण्यात गेली. वीतभर इकडेतिकडे झालं की लोक कुऱ्हाडी काढतात, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. त्यामुळे सारखेपणा हा त्यांचा धर्म. माझ्या बोर्डावर त्यांना सरळसरळ अन्याय दिसला होता.

मी म्हणालो, अक्षरांतलं अंतर टेपनं धरत नसतात, नजरेनं धरतात. ते म्हणाले, "नजर म्हंजे अंदाज. अंदाजानं मोजणी केली असती तर मला पहिल्याच वर्षी सस्पेंड केलं असतं." आणि मग चष्म्यावरून बघत विचारलं, "डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना तुमचं?"

झालं. तिथं माझं डोकं फिरलं. खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त वाटली. पावणेतीन आणि एक! इतका फरक? डोळा खरंच गेला असला तर? पण भीती दाखवायची सोय नव्हती, म्हणून आवाज चढवला. ब्रश पिशवीत कोंबले आणि जाहीर केलं की असला बोर्ड मी लिहिणार नाही, दुसरा पेंटर बघा.

दुसरा पेंटर कुठून आणणार? वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा पार उतरलेला. "भाऊ, गुरुवारी काय लावू मग? पुन्हा निळी चटणी?"

मी थांबलो. त्यांच्यासाठी थांबलो असं मी सगळ्यांना सांगतो, पण मलाही तो बोर्ड सोडवत नव्हता.

तिघांनी मिळून पत्रा भिंतीला टेकवला आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. साहेबांची टेपबंद अक्षरं आता लांबून दिसली. 'ची' आणि 'णी'मधल्या उभ्या रेघा एकमेकींना चिकटून गठ्ठा झालेला, आणि 'ट' बिचारा दोन्हीकडून सुटा, रुसून बसलेल्या पाहुण्यासारखा. 'र'चीही तीच गत. वहिनी म्हणाल्या, "आवो, ते मधलं लई लांब लांब वाटतंय." साहेबांनी मान हलवली. "वाटतंय. हाय का? टेप सांगते, नाय."

आता समजावायची वेळ माझी. आणि इथं माझी पंचाईत. जन्मात मी हे कुणाला समजावलेलं नाही. माझे उस्ताद शहागंजात उर्दू, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही लिपींत पाट्या लिहायचे. त्यांनी मला एकच वाक्य सांगितलं होतं, तेच मी सांगितलं : "फासला नको देख रे, हवा देख. हवा बराबर बाँट."

"हवा?" साहेब हसले. "हवेचा सातबारा आणा मग."

मी हात उडवून सांगायला लागलो की दोन उभ्या रेघांमध्ये जी जागा असते ती नुसती सरळ पट्टी असते, पण 'ट' वर अरुंद आणि खाली गोल, त्याच्या खांद्यापाशी दोन्ही बाजूंना जादा पोकळी राहते, म्हणून त्याला जवळ ओढावं लागतं. सांगता सांगता मीच अडखळलो. साहेबांचा चेहरा जसाच्या तसा.

वहिनी ऐकत होत्या. त्या आत गेल्या आणि तिळाचा डबा आणि एक छोटी वाटी घेऊन आल्या. "पत्रा आडवा करा," म्हणाल्या. "हवा दिसत नाय. तीळ दिसतात."

पत्रा सतरंजीवर आडवा झाला. वहिनींनी 'ची'मधला 'च' आणि त्याच्या वेलांटीची उभी रेघ यांच्यामध्ये एक वाटी तीळ ओतले आणि बोटानं एकेरी पसरले. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत जागा गच्च भरली, चार दाणे अक्षरावर सांडले. मग तितकीच वाटी 'चटणी'तल्या 'च' आणि 'ट'च्या मध्ये. तीळ पसरले, पसरले, आणि संपले. 'ट'च्या खांद्याजवळ हिरवा पत्रा उघडाच राहिला. 'ट'च्या दुसऱ्या बाजूला तर त्याहून जास्त.

साहेब उकिडवे बसले. त्यांचे ओठ हलत होते, मनात काहीतरी जुळवत असावेत. मग त्यांनी टेपचं बटण दाबलं, पट्टी सर्रकन आत गेली.

"अरे, हे तर रान हाय," ते हळूच म्हणाले. "मी बांधाबांधातलं अंतर मोजत बसलो. वाटणी क्षेत्राची असती. एका भावाचं रान सरळ, एकाचं वाकडं, मग रुंदी सारखी कशी राहील?" आणि माझ्याकडे वळून, जरा चिडूनच, "आधी सांगायचं ना, क्षेत्र म्हणून! हवा हवा काय लावलंय!"

उस्तादांच्या पायाशी बसून जे मी सात वर्षांत शिकलो, ते या माणसानं स्वतःच्या खात्यातून काढून मलाच ऐकवलं होतं.

मग मी पुन्हा सगळं पुसलं आणि नजरेनं आखलं. 'ट' आणि 'र' जवळ ओढले, उभ्या रेघांना मोकळं केलं. या वेळी साहेबांनी टेपला हात लावला नाही. वाटी मात्र लावली. पहिल्या जागेत एक वाटी, बरोबर. दुसरीकडे वळताच ते ओरडले, "पेंटर! हितं उघडं राहतंय!" 'र' आणि 'च'च्या मध्ये मी खरंच जास्त सोडलं होतं. त्यांना इतका आनंद झाला की मला वाईटही वाटलं नाही. बाकीच्या जागा वाटीला वाटी उतरल्या. डोळा शाबूत होता. मी मान खाली घालून उगाच खडू झटकत राहिलो, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते नुसतं ऑपरेशनच्या डोळ्यात आलं असतं तर ऑपरेशनवर ढकलता आलं असतं, दोन्हींत आलं.

साहेब आता सुटलेच. 'ट'च्या पोटातली पोकळीसुद्धा पूर्ण भरली पाहिजे, म्हणून हट्ट. मी म्हणालो, पोट अक्षराचं स्वतःचं असतं, त्यातली थोडीच जागा शेजाऱ्याच्या हिशोबात येते. "किती थोडी?" ते नजरेनं ठरतं, म्हणालो. त्यांनी सुस्कारा सोडला. "म्हंजे शेवटी अंदाजच ना!" पण ऐकलं. दोन शब्दांमध्ये एका अक्षराएवढी पडीक जमीन सोडायची, हे मात्र त्यांना लगेच पटलं. दोन गावांमध्ये शीव हवीच.

संध्याकाळी वहिनींनी तीळ गोळा केले. खडू लागलेले, ते चटणीत चालणार नव्हते. गुरुवारसाठी आणलेला सगळा डबा रिकामा झाला होता, आणि त्यांचे ठरलेले गावरान तीळ पुन्हा शुक्रवारीच येणार होते. त्यांनी ते अंगणात चिमण्यांना टाकले आणि माझ्याकडे असं बघितलं की मी दुसऱ्या दिवशी अर्धा तास लवकर आलो.

मंगळवारी पिवळा रंग भरला, बुधवारी दुसरा हात. गुरुवारी सकाळी बोर्ड चढला. नारळ फुटला, दोन शेजारी आले, पेढा मिळाला. मग आम्ही तिघं रस्त्याकडे तोंड करून नुसते उभे. एक बस गेली. कुणी बघितलं नाही. दुसरी गेली. वहिनी पदराशी चाळा करत होत्या. साहेब माझ्या कानात म्हणाले, "वाटणी तर बरोबर झालीय ना?" मी हो म्हणालो, पण माझाही जीव टांगणीला लागला होता.

फुलंब्रीकडून तिसरी बस आली. गतिरोधकापाशी हळू झाली आणि कंडक्टरनं दारातून अर्धं अंग बाहेर काढलं.

"ओ घरची चटणी! कशाकशाची हाय?"

वहिनींच्या तोंडून आवाजच फुटेना. साहेबांनी त्यांना कोपरानं ढोसलं. बस पुढे सरकायला लागली, तशा त्या रस्त्याच्या कडेपर्यंत धावल्या आणि वीस वर्षांचा सगळा आवाज एकदम काढून ओरडल्या, "शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची! अन् तिळाची उद्या! आजची पेंटरनं बोर्डावर सांडली!"

बसच्या खिडक्यांमधून माणसं हसली, आणि हसता हसता सगळ्यांनी मान वर करून बोर्ड वाचला.

साहेबांनी खिशातून टेप काढली. बोर्ड किती लांबून वाचता येतो, ते त्यांना मोजायचं होतं. तिचं दुसरं टोक मी धरलं.