तेवढी यादी होऊ दे

मुस्तकीमला संगणक येत होता, हीच त्याची चूक.

बाप रहमतुल्ला सिरसाळ्यात ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. पोरगा तलाठी झाला तेव्हा त्यानं गॅरेजवर पेढे वाटले आणि सांगून टाकलं, "आता आमचा मुस्तकीम तहसीलदार व्हईल." तहसीलदार फार लांब राहिला. तलाठ्याला आधी मंडळ अधिकारी व्हावं लागतं आणि त्यासाठी महसूल अर्हता परीक्षा. तीही नोकरीला लागल्यापासून नऊ वर्षांत, तीन संधींत. नाही झाली तर ज्येष्ठता गेली, मागून आलेले पुढं जातात.

पहिली काही वर्षं नदीकाठच्या एका सज्जावर, म्हणजे तलाठ्याकडच्या चार गावांत, बरी गेली. मग सातबारा ऑनलाइन झाला आणि बीडला प्रशिक्षण लागलं. बाकीचे चहा पीत बसले; हा शहाणा पुढच्या बाकावर बसून सगळं शिकून आला. झालं! सज्जा कागदावर त्याच्या नावावर राहिला आणि माणूस तहसीलच्या संगणकासमोर अडकला. कुणाचं नाव उडालं, बोलवा मुस्तकीमला. फेरफार अडकला, बोलवा मुस्तकीमला. बदलीचा आदेश दोनदा आला, पण कार्यमुक्त कोण करतंय? तहसीलदार साहेब बदलले, वाक्य बदललं नाही. "शेख, तुमच्याशिवाय इथं पान हलत नाही."

खरं सांगायचं तर ते ऐकून त्याला गुदगुल्याही व्हायच्या. तिथंच तो फसला.

पहिल्या वेळी अभ्यासच झाला नाही, लेखाच्या पेपरात दांडी उडाली. दुसऱ्या वेळी अर्ज भरला, हॉलतिकीट आलं आणि अतिवृष्टीच्या अनुदानाची यादीही आली. साहेब म्हणाले, "तेवढी यादी होऊ दे, मग जा." यादी झाली तेव्हा संभाजीनगरात पेपर संपले होते. घरी जरीना भडकली. "परीक्षा सायबाची हाय का तुमची? काहून गप बसला तुमी?"

नववं वर्ष लागलं, तेव्हा नवे साहेब आले. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "ऑनलाइनचं काम कुणाला येतं?"

सगळ्या माना मुस्तकीमकडं वळल्या. तो उठला आणि म्हणाला, "मला आता नीट जमत न्हाई, साहेब. नवीन प्रणाली लई बदलली." सरकारी नोकरीतलं त्याचं हे पहिलं धडधडीत खोटं.

शेजारी तेजश्री बसली होती. त्याच्यानंतर चार वर्षांनी लागलेली, हे काम त्याच्याच हाताखाली शिकलेली. ती त्याच्याकडं बघत राहिली, मग उभी राहिली. "मला येतं, सर."

बाहेर आल्यावर तो ओशाळून म्हणाला, "तेजश्रीताई, तुमची पण परीक्षा राहिलीय."

"मला अजून वर्षं हायेत, भाऊ. तुमी जा."

तो गेला, पास झाला. पुढं बढतीची यादी लागली आणि तालुक्यातल्याच एका मंडळात तो मंडळ अधिकारी झाला. रहमतुल्लानं पुन्हा पेढे वाटले. दरम्यान सरकारनं तलाठ्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी केलं, खुर्ची मात्र तीच. तेजश्री त्याच्याच मंडळात आली आणि संगणकासमोरच राहिली. एकदा तिची परीक्षा निवडणुकीत गेली, एकदा पंचनाम्यात. प्रत्येक वेळी मुस्तकीम हळहळला आणि साहेबांना मनातल्या मनात शिव्या दिल्या.

यंदा पुरानं नदीकाठ धुऊन नेला. नुकसानीच्या याद्या चढवायच्या होत्या, वरून रोज विचारणा, गावागावांत लोक अंगावर येत होते. सर्वांत मागं मुस्तकीमचंच मंडळ. साहेबांनी बैठकीत सगळ्यांदेखत त्याला झापलं होतं. अशात तेजश्री परीक्षेसाठी रजेचा अर्ज घेऊन टेबलापाशी आली. तिचं नववं वर्ष होतं. मंडळ अधिकाऱ्याची शिफारस असली, की तहसीलदार सोडणार होते.

मुस्तकीमनं पेन उचललं. पलीकडं फोन वाजत होता, दारात दोन शेतकरी तावातावानं उभे होते. गावं अजून बाकी होती आणि तेजश्री संगणकासमोर बसली नाही तर याद्या चढवणारं दुसरं कुणी नव्हतं. येत असूनही 'जमत न्हाई' म्हटल्यापासून आपण ते काम खरोखरच विसरलो, हे त्याला ठाऊक होतं.

"ताई," तो अर्जाकडं बघत म्हणाला, "तुमच्याशिवाय पान हलत न्हाई हो. तेवढी यादी होऊ दे, मग जा."

बोलून झालं आणि त्याला आपलाच आवाज ओळखू आला. त्यानं मान वर केली.

तेजश्री रागावली नाही. दुसऱ्या परीक्षेच्या वेळी साहेबांसमोर तो जसा उभा राहिला होता, तशीच ती गप्प उभी राहिली आणि मग संगणकाकडं वळली.