न उचलायचा फोन

गावभर त्यांना चावीकाका म्हणत. पाणीपुरवठा खात्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव असणारच. पण ते विचारले तर गल्लीतली माणसे एकमेकांकडे पाहू लागत. त्यांच्या खांद्यावर कायम एक लांब लोखंडी चावी असे, वर आडवी मूठ आणि खाली चौकोनी तोंड. रस्त्यातल्या बिडाच्या झाकणाखाली ती घालून ते व्हॉल्व्ह फिरवत, आणि मग त्या गल्लीच्या नळांना पाणी येई.

पाण्याला वेळापत्रक होते, पण ते कागदावर. पंपाची वीज गेली की तास सरकत, आणि चढावरच्या गल्लीत तर पाणी आले तरी धार करंगळीएवढी. नळाशी बसून राहणे कोणालाच परवडणारे नव्हते. म्हणून काकांनी एक पद्धत पाडली होती. व्हॉल्व्ह फिरवला की त्या गल्लीतल्या घरांना एकेक फोन लावायचा, दोनदा वाजू द्यायचा आणि तोडायचा. वाजला म्हणजे पाणी आले. उचलायचा नाही. नव्या सुनेने चुकून उचलला, तर पलीकडून काका गुरकावत, "पाणी भरा! गप्पा काय मारताय?"

ही पद्धत कोणी सुचवली याविषयी दोन मते आहेत. काका म्हणत, आपणच. काकू म्हणत, "यांना बोलायचा कंटाळा, त्यातून निघालंय हे सगळं." घरातला अनुभव पाहता काकूंचे म्हणणे अधिक विश्वसनीय वाटते.

त्या सकाळी काकांनी नेहमीप्रमाणे पहिला व्हॉल्व्ह उघडला, फोन कानाला लावला आणि ऐकले की या क्रमांकावरून फोन करण्याची सेवा बंद करण्यात आली आहे. त्यांना वाटले, पैसे संपले. दुकानात गेले. पैसे होते. दोन दिवसांनी येणारे फोनही थांबले, आणि मग पडद्यावरच्या रेघाच नाहीशा झाल्या.

कंपनीच्या दालनात काचेच्या टेबलामागे एक मुलगी बसली होती. तिने क्रमांक टाकला, स्क्रीनकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"काका, तुमचा नंबर त्रासदायक कॉल्सच्या यादीत गेलाय. जाहिरातबाजीसाठी वापर, असं दाखवतंय."

"कसली जाहिरात?"

"ते तुम्हीच सांगायचं ना. रोज शेकडो कॉल, सगळे चार-पाच सेकंद वाजून तोडलेले. सिस्टीमने आपोआप पकडलं. वर बाहेरच्या काही लोकांच्या तक्रारी आहेत."

"अहो, मी पाणी सोडतो!"

मुलीने टाइप करण्यासाठी बोटे उचलली, मग तशीच ठेवली. "त्याला इथे पर्याय नाहीये," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

शेजारच्या रांगेतल्या एका तरुणाने सल्ला दिला, "दुसऱ्या कंपनीत पोर्ट करा की, काका. नंबर तोच राहतो." पण पोर्ट करायला लागणारा कोड त्याच नंबरवरून मागवावा लागतो आणि त्याच नंबरवर येतो, मुळात चालू नसलेला नंबर पोर्ट होतच नाही. मुलीने हे समजावून सांगेपर्यंत तरुणाचा टोकन क्रमांक आला आणि सल्ला अर्धवट राहिला.

काकांनी नवा नंबर घेतला. पहिल्या दिवशी लोकांनी अनोळखी म्हणून दुर्लक्ष केले, चौथ्या दिवशी तोही बंद झाला. ज्याच्या नावावर ठपका, त्याच्या नावावरचे सगळेच क्रमांक बंद होतात, हे तेव्हा कळले. काकू शिवणकाम करत. त्यांनी स्वतःचा फोन पुढे केला. काकांनी हात मागे घेतला. "तुझाही जाईल. तुझी गिऱ्हाइकं तुला कुठे शोधतील?" कोणी म्हणाले, ग्रुप काढा. ग्रुप निघाला. त्यावर दुसऱ्या दिवसापासून फुलांची चित्रे आणि सुविचार येऊ लागले, आणि पाण्याचा निरोप त्यांच्याखाली गाडला गेला.

मग काका सायकल काढू लागले. प्रत्येक व्हॉल्व्हनंतर गल्लीभर घंटी वाजवत फिरायचे. चढावरच्या गल्लीत पोहोचेतो धार संपत आलेली असे. तिथली एक आजी त्यांना म्हणाली, "घंटी ऐकू येत नाही रे. फोन उशाशी असायचा, तो थरथरायचा ते कळायचं." या वाक्यानंतर काका दोन दिवस जेवणाच्या ताटावर गप्प होते, म्हणजे नेहमीपेक्षाही गप्प.

लेक शनिवारी माहेरी आली. ती एका विमा कंपनीत दावे तपासायची. तिने सगळे ऐकले आणि तिचे डोळे चमकले.

"बाबा, मी रोज लोकांना नकाराची पत्रं पाठवते. नकार कुठे कच्चा असतो ते माझ्याइतकं कोणाला कळणार?"

"पुण्याचं काम करतेस," काकू म्हणाल्या.

"आई, टोमणे नंतर. बाबा, आधी सांगा, नंबर बंद करण्यापूर्वी काही सूचना आली होती? तुमचं म्हणणं विचारलं?"

"नाही."

"झालं तर. आधी सूचना, मग म्हणणं ऐकणं, मग कारवाई. यांनी शेवटापासून सुरुवात केलीय."

तिने आईच्या फोनवरून ग्राहक सेवेत तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घेतला. आठवडा गेला, उत्तर नाही. पुन्हा फोन केला तर कळले, तक्रार निकाली काढून तसा संदेश तक्रारदाराला पाठवला आहे. कुठे पाठवला? बंद असलेल्या नंबरवर. काकूंना हसू आवरेना. लेकीने मात्र तो तपशील जपून ठेवला आणि कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे अर्ज केला. त्याचे उत्तर घरच्या पत्त्यावर टपालाने आले: कारवाई प्रणालीच्या निकषांनुसार योग्य आहे.

"आता?" काकांनी विचारले.

"आता ग्राहक आयोग. पण त्याआधी एक गोष्ट, बाबा. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिने बाजूला ठेवते आणि मग दुसऱ्याला देऊन टाकते. तसा दिला की आपण जिंकूनही हरलो."

काकांच्या तोंडचे पाणी पळाले. नंबर बंद होणे त्यांनी सोसले होते. तो दुसऱ्याच्या खिशात वाजेल, ही कल्पना सोसवेना. "कोणी तरी भलताच माणूस पहाटे लोकांना उठवेल," ते म्हणाले. "आणि पाणी येणारच नाही."

म्हणून तक्रारीसोबत लेकीने वेगळा अर्ज जोडला: निकाल लागेपर्यंत हा क्रमांक कोणालाही देऊ नये. पहिल्याच तारखेला तो मंजूर झाला आणि काकांचा जीव भांड्यात पडला. पुढच्या तारखा पडत गेल्या. कंपनीचे लेखी म्हणणे आले. त्यात दोन मुद्दे होते: वापर व्यावसायिक, म्हणून तक्रारदार ग्राहकच नव्हे, आणि पुरावा म्हणून प्रणालीने टिपलेल्या कॉल्सची जाडजूड नोंद.

शेवटच्या सुनावणीला आयोगाच्या खोलीत पंखा फिरत होता आणि कागद त्याच्याशी झटापट करत होते. मधल्या खुर्चीत अध्यक्षबाई, शेजारी एक सदस्य. कंपनीचा वकील तरुण आणि नीटनेटका. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि चावी घरी ठेवली होती, त्यामुळे हातांचे काय करावे ते त्यांना कळत नव्हते.

"तुम्हाला या फोनचे पैसे मिळतात?" अध्यक्षबाईंनी विचारले.

"नाही मॅडम. पगार खात्याचा. फोनचे पैसे माझे."

"मग व्यापार कसला?" हा प्रश्न वकिलाला होता. त्याने पहिला मुद्दा फारसा न ताणता दुसऱ्याकडे उडी घेतली. "मॅडम, नोंद पाहावी. इतके कॉल कोणताही सामान्य माणूस करत नाही. हा जाहिरातबाजांचाच नमुना आहे."

सदस्यांनी नोंद उलटसुलट केली. "यात शेवटचा रकाना कसला? सगळीकडे शून्य दिसतंय."

"संभाषणाचा अवधी, सर. कॉल उचलला गेला नाही तर..."

"एकही उचललेला नाही?"

काकू लेकीच्या हातातल्या प्रतीत मघापासून त्या रकान्याची सरळ रेघ शिवणकाम करणाऱ्याच्या नजरेने न्याहाळत होत्या. त्यांना राहवले नाही.

"साहेब, बोलणंच शून्य आहे. न बोलता यांनी काय विकलं? यांना तर घरी मीठसुद्धा मागता येत नाही, बोटाने दाखवतात."

अध्यक्षबाईंनी फाइल तोंडासमोर धरली. फाइल थोडी हलत होती. वकिलानेही खाली पाहिले.

मात्र तक्रारी खऱ्या होत्या, आणि वकिलाने त्या पुढे ठेवल्या. एक तक्रार दूरच्या गावच्या माणसाची होती: रोज पहाटे अनोळखी नंबर दोनदा वाजून बंद होतो. काकांनी तो क्रमांक वाचला आणि पटकन म्हणाले, "हा तर चढावरच्या शिंपीणबाईंचा!"

चौकशीत उलगडा झाला. शिंपीणबाई मुलाकडे राहायला गेल्या होत्या आणि त्यांचा जुना क्रमांक वापरात नाही म्हणून कंपनीने त्या दूरच्या माणसाला दिला होता. काका मात्र तो वाजवतच राहिले होते. बाकीच्या तक्रारींचे मूळही याच जातीचे निघाले.

"ही माझी चूक," काका म्हणाले. कोणी विचारले नव्हते, तरी म्हणाले. "त्या माणसाची रोज झोपमोड झाली. पण मला एकदा विचारलं असतं तर त्याच दिवशी काढून टाकला असता."

"तेच," अध्यक्षबाई म्हणाल्या. "एकदा विचारलं असतं तर." आणि त्यांनी ते लिहून घेतले.

आदेश त्यानंतरच्या तारखेला वाचून दाखवला गेला. सूचना न देता, म्हणणे न ऐकता केलेली कारवाई ही सेवेतील त्रुटी. तोच क्रमांक त्याच नावावर पूर्ववत करावा. नावावरचा ठपका काढावा. मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च द्यावा. भरपाई लेकीने मागितली होती त्याच्या निम्मी होती. "हा दावा माझ्याकडे तपासायला आला असता, तर मी एवढीही दिली नसती," ती समाधानाने म्हणाली. कंपनीने अपील न करण्याचे ठरवले आणि मुदत संपायच्या आत नवे सिमकार्ड देण्यासाठी त्यांना दालनात बोलावले.

काचेच्या टेबलामागे तीच मुलगी होती. तिने कार्ड घातले, फोन बंद करून चालू केला आणि तिघांकडे पाहत म्हणाली, "थोडा वेळ लागेल हं. कधी कधी संध्याकाळ होते."

ते बाकावर बसले. काकू पिशवीतून पाण्याची बाटली काढत होत्या. तेवढ्यात पडद्यावर एक रेघ उमटली, मग दुसरी, आणि काही कळायच्या आत फोन वाजू लागला. काकांनी तो दोन्ही हातांनी उचलला. पलीकडे पंपघरातला ऑपरेटर होता. गेले कित्येक दिवस अधूनमधून तो उगीच हा नंबर लावून पाहत असे.

"लागला रे लागला! चावी, कुठे आहेस? टाकी भरली, मी आज लवकर सोडतोय! खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडाच आहे!"

"थांब, थांब, आलो," काका म्हणाले आणि उठलेच.

"अहो, सही राहिलीय पावतीवर!" काकूंनी हाक मारली.

"तू कर," दारातून उत्तर आले.

"माझी कशी चालेल?" काकूंनी मुलीकडे पाहिले, मुलीने लेकीकडे. लेक कागद घेऊन दाराकडे धावली. बाहेर काका सायकलचे कुलूप काढता काढता दुसऱ्या हाताने खालच्या गल्लीतले पहिले घर लावत होते. लेकीने कॅरिअरवर कागद ठेवला, त्यांच्या हातात पेन दिले आणि फोन स्वतःच्या हातात घेऊन दोनदा वाजू दिला.