मग लिहू

आमच्या शाखेत तिला सगळे खडूसबाई म्हणत. मी पासबुकाच्या खिडकीत बसते, तोंडावर म्हणायची हिंमत माझ्यात कधीच नव्हती. पण हे नाव तिला चिकटवलं कोणी, ते मला पक्कं ठाऊक आहे. शेजारच्या खिडकीतल्या साखऱ्याने. तो आमचा सगळ्यात जुना कॅशियर. जिभेवर साखर, म्हणून साखऱ्या.

खडूसबाई नोकरीला लागली तेव्हा ती त्याच्या बाजूच्या खिडकीत होती. साखऱ्याची एक सवय होती. गर्दीत नोटा संपल्या की हात लांब करून शेजारणीच्या ड्रॉवरमधली गड्डी उचलायची आणि म्हणायचं, "मग लिहू." एका कॅशियरकडून दुसऱ्याकडे पैसे गेले की चिठ्ठी होते, दोघांची सही होते. ती व्हायचीच नाही. संध्याकाळी तो गड्डी परत द्यायचा, सुटी करून, घाईघाईत. मग तिचा हिशेब कमी भरायचा. तिने विचारलं, तेव्हा भरल्या रांगेसमोर तो हसून म्हणाला, "पोरी, आधी मोजायला शीक."

रांगही हसली. तूट तिच्या पगारातून गेली आणि फाईलवर शेरा पडला, 'हाताने कच्ची'. त्या शेऱ्यापायी तिची बढती कितीतरी वर्षं रखडली. तो घाव तिने जपून ठेवला, हे सांगायला ज्योतिषी नको.

यंदा साखऱ्या हेड कॅशियर व्हायचा होता. म्हणजे सगळे ड्रॉवर त्याच्या हाताखाली. त्याआधी त्याचं काम तपासायला मुख्य कार्यालयाने पाठवलं कोणाला? उशिरा का होईना, तिथे तपासनीस झालेल्या खडूसबाईला! मला तर मनातल्या मनात उकळ्या फुटल्या.

ती त्याच्या मागे खुर्ची टाकून बसली. नोटा गिऱ्हाइकासमोर मोजतो का, सही ताडून बघतो का, जागेवरून उठताना ड्रॉवरला कुलूप लावतो का, सगळं टिपत होती. खोटं कशाला बोलू, गिऱ्हाइकांशी तो लोण्यासारखा वागला. एका म्हाताऱ्याची स्लिप चुकली, तर त्याला परत न पाठवता शेजारी उभं करून नवी भरून घेतली. बाईने ग्राहकसेवेचे गुण पूर्ण दिले. म्हटलं, सुटला हा आता!

मग तिने चुकांची नोंदवही मागवली. साखऱ्याचं पान कोरं. ना कधी कमी, ना कधी जास्त.

"इतकी वर्षं नोटा मोजणाऱ्याची एकही चूक नाही?" ती मला हळूच म्हणाली. "देवमाणूसच म्हणायचा."

तिने शेजारच्या खिडकीची पानं उलटली. तिथे जी बसली तिचा हिशेब कधी कमी, कधी जास्त. खिडकी बदलली की तीच बाई चोख. आता तिथे नवी बसत होती, नवरा गेल्यावर नोकरीला लागलेली. आणखी एक तूट आली तर तिला कायम करणार नव्हते.

दुपारी रांग दारापर्यंत गेली. साखऱ्याचा हात सवयीने लांब झाला. पन्नास हजारांची गड्डी उचलली. "मग लिहू गं."

खडूसबाई उठली. "दोन्ही खिडक्या बंद. दोन्ही ड्रॉवर आत्ता मोजायचे."

"मॅडम, आत्ता? रांग बघा की!"

"बघतेय."

मॅनेजरसमोर मोजणी झाली. नवीचा ड्रॉवर बरोबर पन्नास हजारांनी कमी, एक नोट इकडेतिकडे नाही. साखऱ्याचा पन्नास हजारांनी जास्त हवा होता. भरला एकोणपन्नासच. सकाळी कोणालातरी हजार जास्त दिले होते त्याने. संध्याकाळी सुटी केलेली गड्डी हजाराने कमी परत गेली असती आणि तेच हजार नवीच्या गळ्यात पडले असते.

"मोजण्यात चूक झाली असेल," तो म्हणाला. साखर पार विरघळली होती.

"मग तुम्हीच मोजा. मोठ्याने."

त्याने मोजले. रांग ऐकत होती. पुन्हा एकोणपन्नास.

त्याने आवाज खाली आणला. "जुना राग काढताय तुम्ही."

"हो, काढतेय," ती म्हणाली. "राग माझा आहे. तूट तुमची आहे."

मला वाटलं होतं, ती थोडी तरी विरघळेल. छे! तिने तूट त्याच्या नावावर चढवली, नवीच्या जुन्या तुटी फेरतपासणीला लावल्या आणि शिफारशीच्या रकान्यात लिहिलं, 'रोख हाताळण्यास अयोग्य'. तिच्या स्वतःच्या फाईलवरचा शेरा मात्र तसाच आहे, तो पुसायला कोणी येणार नाही.

तिने कागद त्याच्यापुढे सरकवला. तो खिसे चाचपू लागला. "पेन... मग करतो सही."

खडूसबाईने स्वतःच्या पेनाचं टोपण काढलं. "मग नाही. आत्ता."