उत्तरदाती क्रमांक सतरा

सरांना पीएच.डी. मिळाली त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी दोन पेढे खाल्ले होते. एक त्यांनी दिला आणि दुसरा मी मागून घेतला. ते आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

सर म्हणजे आमच्या भिवंडीतल्या कॉलेजचे समाजशास्त्राचे विभागप्रमुख. मी त्यांच्या हाताखाली शिकवते. त्याआधी कितीतरी वर्षं माझा एम.फिल.चा प्रबंध झाला होता, मराठीत. राहनाळ-दापोड्याकडची शेतं जाऊन गोडाऊनं झाली आणि तिथल्या बाया आपल्याच शेतावरच्या पत्र्याखाली झाडूपोछा नि पॅकिंग करायला लागल्या, त्या बायांवर. सर एकदा म्हणाले, "वाचायला दे गं, छान काम आहे म्हणतात." मी दिला. चार महिन्यांनी कव्हर घालून परत आला. किती काळजीचा माणूस, असं तेव्हा वाटलं मला. वेडी कुठली!

परवाच्या साली कॉलेजचं मूल्यांकन आलं. सगळ्यांचे छापलेले लेख गोळा करून फाईल लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सरांचा एक इंग्रजी लेख होता, पीएच.डी.तूनच काढलेला, बाहेरच्या जर्नलमध्ये आलेला. नुसतं शीर्षक उतरवून घ्यायचं होतं. पान उघडलं आणि मधोमध माझी आई बोलत होती.

इंग्रजीत बोलत होती, पण तीच. माझ्या प्रबंधात तिचं वाक्य होतं, जसंच्या तसं ठेवलेलं: "शेत गेला, वर पत्रा बसला. पन झारू मारतांना माजं पाय बांध व्हता तेथनंच वलतान." हे वाक्य दुसरी कुठली बाई बोलेल? गोडाऊनमध्ये सपाट लादी, आणि आई झाडताना मधेच वळायची, कारण तिथे एकेकाळी बांध होता. मी डोळ्यांनी पाहिलंय. लेखात खाली लिहिलेलं, "संशोधकाने घेतलेली मुलाखत". मी हे वाचलं तेव्हा आई जाऊन पाच वर्षं झाली होती.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन सरांचा प्रबंध काढला. माझी चार प्रकरणं, सगळी इंग्रजीत. म्हणून तर तपासणीच्या सॉफ्टवेअरला काही सापडलं नव्हतं. ते शब्दाला शब्द जुळवतं, आणि मराठीचं इंग्रजी केलं की शब्दच जुळत नाहीत. प्रमाणपत्र कसं, एकदम स्वच्छ!

आधी जर्नलला लिहिलं. संपादकांचं उत्तर आलं, फार सभ्य. तुमचा संदर्भ राहून गेला असेल तर दुरुस्तीची टीप छापू, चालेल का? नाही चालणार. संदर्भ राहून गेला म्हणे! घर लुटलं आणि म्हणायचं, निघताना दार लावायचं राहिलं. मी त्यांना पानाशेजारी पान लावून पाठवलं. मग ते म्हणाले, मुलाखतच झाली नसेल तर प्रश्न मोठा आहे, विद्यापीठाचा निष्कर्ष येऊ दे. तोवर त्यांनी लेखावर शंका नोंदवून ठेवली.

मी विद्यापीठाकडे तक्रार केली. त्यांच्या समितीसमोर आम्हा दोघांना बोलावलं. सर माझ्याकडे बघून हसले. आवाजात साखर. "मॅडमचा गैरसमज झालाय. या भागातल्या बाया सगळ्या सारख्याच बोलतात."

सगळ्या सारख्याच! माझ्या डोक्यात तिडीक गेली. बायका म्हणजे काय एका साच्यातले मोदक?

समितीच्या अध्यक्षबाईंनी सरांना मुलाखतींची टिपणं, रेकॉर्डिंग मागितलं. सर म्हणाले, पुरात गेलं. सर राहतात चौथ्या मजल्यावर. मी ते बोलून दाखवलं, तेव्हा अध्यक्षबाईंनी मला गप्प बसवलं. मग त्यांनी माझा प्रबंध उघडला आणि बरोबर घाव घातला.

"इथे हे बांधाचं वाक्य उत्तरदाती क्रमांक सतराचं, आणि तिची मुलगी नर्स आहे. तुम्ही म्हणता ही तुमची आई. तुम्ही तर प्राध्यापक."

सर पटकन म्हणाले, "तेच सांगतोय मी! नर्सची आई मला भेटलेली बाई आहे. माझ्याही प्रबंधात नर्सच आहे."

मी हे टाळत होते. महिनाभर टाळत होते. माझ्याकडे तेव्हाचं रेकॉर्डिंग होतं, पण आई गेल्यापासून मी ते लावलं नव्हतं. आणि त्यात आईने माझ्याकडून शब्द घेतला होता. पण आता न लावून चालणार नव्हतं. लावलं.

आधी कोंबडा, मग भांडं, मग आई. बांधाचं वाक्य बोलली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पन माजा नाव नको घालू बाय. मुकादम कामावशी काढंल. आन मुलगी मास्तरीन हाय तां पन लिवू नको, गावाला लगेच कललं. नर्स लिव. आपले गावान नर्स कोनचीच न्हाय."

अध्यक्षबाईंनी सरांना एवढंच विचारलं, "ही नर्स तुम्हाला कुठे भेटली?"

सरांनी पाणी मागितलं. आईने चुलीपुढे बसून रचलेली ती मुलगी, जगात कधी नव्हतीच, आणि ह्या शहाण्याने ती पण उचलली होती.

पुढचं कागदावर झालं, आणि कागद सावकाश चालतो. पदवी आधी स्थगित ठेवली. सरांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या दोघींना दुसरा मार्गदर्शक दिला. वाङ्मयचौर्याच्या जोडीला खोटी मुलाखत दाखवल्याचं सिद्ध झालं म्हणून प्रकरण वरच्या मंडळांकडे गेलं, सरांची पुन्हा सुनावणी झाली आणि पदवी रद्द झाली. केबिनच्या दारावरची 'डॉ.'ची पाटी काढली तेव्हा तिथे चार खिळ्यांची भोकं राहिली. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, "जाऊ दे ना मॅडम, निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती त्यांची." मी म्हटलं, माझ्या आईला निवृत्ती कोणी दिली होती? त्यानंतर दोन जणी माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू!

जर्नलनेही लेख मागे घेतला. कारण स्वच्छ लिहिलं: दुसऱ्याच्या प्रबंधातून घेतलेला मजकूर आणि न झालेल्या मुलाखती. वाचून मला बरं वाटलं. मग लेख उघडला. मागे घेतलेला लेख पुसत नाहीत, नोंद राहावी म्हणून तिथेच ठेवतात आणि प्रत्येक पानावर आडवा लाल शिक्का मारतात: 'मागे घेतले'. तिसऱ्या पानावर तो शिक्का बरोबर आईच्या वाक्यावरून गेलाय.

मी संपादकांना लिहिलं, चोरी सरांची आहे, वाक्य खरं आहे, तेवढ्या ओळीवरचा शिक्का काढा. उत्तर सभ्यच आलं. असं एका ओळीपुरतं करता येत नाही, सगळ्या लेखाला नियम एकच. नियम बरोबर आहे, मला कळतं. तरी चीड येते. ती बाई जन्मात कधी बोललेल्या शब्दावरून मागे फिरली नाही.

ते पान छापून घेतलं. आईला दिलेला शब्द समितीपुढे मोडलाच होता, आता काय राहिलं होतं? शिक्क्याखाली पेनाने मराठीत लिहिलं: हे खरं आहे. बोलणारी माझी आई. तिची मुलगी नर्स नाही.