बेरजेचा गुणाकार, गुणाकाराची बेरीज

बाबांचा क्लास भाईंदर पूर्वेला गोडदेवकडे जाणाऱ्या रस्त्यावर, झेरॉक्सवाला आणि फरसाणवाला यांच्या मधल्या गाळ्यात होता. अकरावी-बारावीचं गणित, बाकी काही नाही. शटर वर केलं की चार बाकं, एक फळा आणि खडूची भुकटी. गिरगावातली खोली सोडून आम्ही इकडे आलो तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, "खाडीकाठी कोण शिकायला येणार?" आली मुलं. गुजराती आली, मारवाडी आली, गोडदेव आणि मोरवा या जुन्या गावांतली आली. दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावी सायन्सच्या इंग्रजीत आपटलेली तर लोटांगण घालत आली.

कॉलेजातून परत आले की मी तिथेच आठवी-नववीची बॅच घ्यायचे. क्लासमध्ये शिरल्यावर बाबांना बाबा म्हणायचं नाही, सर म्हणायचं, हा त्यांचा नियम. घरी मी 'बाळ', क्लासमधल्या सगळ्या मुली 'पोरी'. या दोन्हींत त्यांनी कधी गल्लत केली नाही. मला या नियमाचा मनस्वी राग यायचा, पण त्यांच्यापुढे माझं काय चालणार? फळ्यासमोर उभं राहणं हाच त्यांचा श्वास होता. ते गेलं तर मागे काय उरेल, हा विचार आम्ही घरात कुणीच कधी केला नव्हता.

त्यांचा लाडका धडा त्रिकोणमितीतला, फॅक्टरायझेशन आणि डिफॅक्टरायझेशनचा. म्हणजे साइन-कोसाइनच्या बेरजेचा गुणाकार कसा करायचा आणि गुणाकाराची पुन्हा बेरीज कशी करायची. सूत्रं ते आरतीसारखी म्हणून घ्यायचे: एस प्लस एस, टू एस सी. एस मायनस एस, टू सी एस. सी प्लस सी, टू सी सी. सी मायनस सी, मायनस टू एस एस. एस म्हणजे साइन, सी म्हणजे कोसाइन; पहिल्या जागी दोन कोनांच्या बेरजेचा अर्धा, दुसऱ्या जागी वजाबाकीचा अर्धा. शेजारच्या फरसाणवाल्यालाही ते पाठ झालं होतं, शेव तळताना तो "मायनस टू एस एस" गुणगुणायचा.

पण पाठांतराने बाबा खूश व्हायचे नाहीत. "पाठ काय, बाजूचा फरसाणवाला भी करतो," ते म्हणायचे. "कब लगाना है, ते सांग." मग फळ्यावर लिहायचे:

sin x + sin 2x + sin 3x = 0

"तीन जण आहेत. जोडी कुणाची लावायची?" मुलं पहिल्या दोघांची लावायची, शेजारी उभे म्हणून. बाबा कपाळाला हात लावायचे. त्यानेही उत्तर निघतं, पण लांबचा वळसा पडतो. "आधी कोन बघा रे! एक आणि तीन घ्या. बेरजेचा अर्धा किती? दोन. आणि उरलाय कोण? दोनच!" मग 2 sin 2x cos x + sin 2x, त्यातून sin 2x बाहेर, आणि sin 2x (2 cos x + 1) = 0. "दोन आकड्यांची बेरीज शून्य आली तर काय कळतं? काही नाही, कितीही असू शकतात. गुणाकार शून्य आला तर? दोघांतला एक तरी शून्य पाहिजेच. म्हणून एका बाजूला शून्य आणायचं, आणि बेरजेचा गुणाकार करायचा."

उलटं कधी करायचं त्यासाठी त्यांचं दुसरं उदाहरण ठरलेलं होतं:

cos x cos 3x = cos 5x cos 7x

इथे दोन्हीकडे आधीच गुणाकार, पण शून्य कुठेच नाही, त्यामुळे तो गुणाकार काही कामाचा नाही. बाबा दोन्हीकडे दोनाने गुणून त्याची बेरीज करायचे: डावीकडे cos 4x + cos 2x, उजवीकडे cos 12x + cos 2x. मग गाळाभर नजर फिरवायची, आणि दोन्हीकडचं cos 2x एका फटक्यात पुसायचं. उरलं cos 4x = cos 12x. ते एका बाजूला आणून पुन्हा गुणाकार, 2 sin 8x sin 4x = 0, आणि खेळ खलास. "गेलो आणि परत आलो," ते म्हणायचे, "पण जाताना ओझं टाकून आलो. ओझं टाकायचं नसेल तर जायचंच कशाला?"

आणि मग त्यांचा तो सवाल, ज्यासाठी ते भाईंदरभर ओळखले जायचे. cos 2x आपण वजा केलं, वजाबाकीत काही हरवत नाही. पण दोन्ही बाजूंना सारखं काही गुणलेलं दिसलं आणि कुणी त्याने भागून मोकळं झालं, की ते डस्टर आपटायचे. "शून्य असेल तर?" ज्या आकड्याने भागलं तो शून्य असू शकतो, आणि तसं असेल तर त्याच्याबरोबर अर्धी उत्तरं गेली. हा सवाल त्यांनी इतक्या मुलांच्या डोक्यात ठोकला होता की स्टेशनजवळ जुने विद्यार्थी भेटले की नमस्काराऐवजी तेच म्हणायचे.

त्या दिवशी माझी बॅच सुटली होती आणि मी मागच्या बाकावर पेपर तपासत बसले होते. बाबांनी बारावीला गणित घातलं:

sin x + sin 3x = sin 2x

डावीकडे गुणाकार केला, 2 sin 2x cos x. बरोबर. मग त्यांनी दोन्हीकडचं sin 2x खोडलं. अगदी सहज, शर्टावरची भुकटी झटकावी तसं. cos x बरोबर एक छेद दोन. उत्तर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या.

मला वाटलं, मुद्दाम केलंय. आता वळतील आणि डस्टर आपटतील. मी वाट बघत राहिले. ते पुढचं गणित लिहायला लागले.

पहिल्या बाकावर गोडदेवची एक मुलगी बसायची. तिच्या घरची भाजीची वाडी होती, बिल्डिंगींच्या मध्ये उरलेली. ती उभी राहिली. "सर, पुस्तकात आजून एक उत्तर हाय. एन पाय बाय टू. आपलं न्हाय जुळत."

"पुस्तक चुकलंय," बाबा म्हणाले.

मग एक गुजराती मुलगा हळूच म्हणाला, "सर, एक्स झीरो डालो ना. दोनो साइड झीरो आता है."

बाबा फळ्याकडे बघत राहिले. शून्याचा साइन शून्य, तिन्ही ठिकाणी शून्य. नववीतलं पोर सांगेल. त्यांच्या उत्तरात ते नव्हतं. ते sin 2x बरोबरच गेलं होतं. तरी त्यांना दिसेना. ती गोडदेवची मुलगी घाबरून, जवळजवळ माफी मागितल्यासारखी म्हणाली, "सर, ते शून्य असंल तर?"

तिला ते त्यांनीच शिकवलं होतं. बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू हे वाक्य ते पहिल्यांदाच ऐकत होते. मग ते भडकले. "मला शिकवतेस? ए पोरी, बाहेर जा." वीस-बावीस वर्षांत त्यांनी कुणाला गाळ्याबाहेर काढलं नव्हतं. ती गेली. मी पेपर तिथेच टाकून तिच्या मागे धावले, तर ती फरसाणच्या दुकानापुढे रडत उभी. मलाही तिथेच रडावंसं वाटलं. मला कळून चुकलं होतं.

घरी आई म्हणाली, "वय झालं, चूक होते माणसाच्या हातून." चुका मीही करते, आईही मीठ विसरते. पण पोहणारा माणूस पाणी म्हणजे काय हे विसरला तर त्याला चूक म्हणत नाहीत. हे आईला सांगून काय उपयोग? तिला माझ्याआधीच कळलं असणार. डॉक्टरांनी बाबांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं, काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, आणि मग आमच्याकडे वळून इतक्या हळू आवाजात बोलायला लागले की मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. यावर इलाज नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. गोळ्या दिल्या.

मुलं गळायला लागली. त्यांना दोष कसा देऊ, त्यांची बारावी होती. स्टेशनजवळ एसीवाला क्लास निघाला होता, तिकडे गेली. शेवटी शटर बाबांसमोर ओढायचं की त्यांच्या माघारी, यावर आई आणि मी भांडलो. माघारी ओढलं. फरसाणवाल्याने विचारलं, "सर कब आएंगे?" मी म्हटलं, आएंगे. दुसरं काय सांगणार होते?

आता दुपारी मी जेवणाच्या टेबलावर त्यांना पाठकोऱ्या प्रश्नपत्रिका देते. एक समीकरण लिहून देते, सोपं. पहिल्यांदा दिलं ते हे:

sin 5x + sin 3x = 0

मला वाटलं होतं, याने काही परत येईल. वेडी आशा. त्यांनी लगेच पेन उचललं. एस प्लस एस, टू एस सी. 2 sin 4x cos x = 0. अक्षर तेच, वळणदार. इथेच थांबायचं, दोघांपैकी एक शून्य, दोन ओळींत उत्तर.

ते थांबले नाहीत. गुणाकार दिसला म्हणून त्यांनी त्याची बेरीज केली. sin 5x + sin 3x = 0. मग बेरीज दिसली म्हणून तिचा गुणाकार. मग पुन्हा बेरीज. चिन्ह चुकत नाही, अर्धे कोन चुकत नाहीत. प्रत्येक ओळ बरोबर. कागद भरला की मी दुसरा देते. दर दुसऱ्या ओळीला ते उत्तराच्या दारात उभे असतात, आणि वळून परत जातात. सगळी सूत्रं राहिली, फक्त कधी लावायची आणि कधी थांबायचं तेवढं गेलं. तेवढंच तर ते शिकवत होते.

सुरुवातीला मी त्यांचा हात धरायचे. "बाबा, इथे थांबा. बघा ना, शून्य आलंय." ते हात सोडवून घ्यायचे आणि गोंधळून आईकडे बघायचे. आता मी धरत नाही.

काल पान संपल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पूर्वी पहिल्या बाकाकडे बघत हसायचे तसे हसले.

"ए पोरी, आलं का उत्तर?"

आई ओट्यापाशी भाजी चिरत होती, तिचा हात थांबला. 'बाळ' म्हणतील म्हणून मी थोडी वाट पाहिली.

"नाही, सर," मी म्हटलं.

"मग परत करू," ते म्हणाले, आणि मी नवा कागद पुढे सरकवला.