पंधरा गुणांचे गाव

चाळिसावा वाढदिवस साजरा करण्यासारखा असतो, असे ज्यांना वाटते त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतर खात्याचे गुणपत्रक एकदा वाचावे. ऋषिराम सापकोटा याने ते तोंडपाठ केले होते. एकोणचाळीस वर्षे संपून चाळिसावे पूर्ण झाले त्या रात्री रॉकडेलच्या दोन खोल्यांत त्याच्या चुलतभावाने, ध्रुवने, केक आणला, मोमो वाफवले, शेजारची चार नेपाळी मंडळी जमवली. आणि ऋषिराम मात्र सुरी हातात धरून, आज आपल्या वयाचे दहा गुण सरकारजमा झाले, याचा हिशेब मांडत उभा होता. चितवनचा हा हिशेबनीस सात वर्षे सिडनीत राहिला होता. इंग्रजीचे गुण पुरे होते, अनुभवाचे पुरे होते. पण हिशेबनिसांची रांग इतकी लांब की पुरेशा गुणांनाही तिथे कोणी विचारत नव्हते. आणि आता तर दहा कमीच झाले.

मार्ग एकच उरला. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे सोडून 'प्रादेशिक' भागात जाऊन राहण्याचे कबूल केले, आणि राज्य सरकारने तसे नामांकन दिले, तर पंधरा गुण वरून मिळतात. व्हिसा पाच वर्षांचा. त्यात तीन वर्षे तिथेच राहून, तिथेच काम करून, करनिर्धारणाचे तीन वर्षांचे दाखले जोडले की कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. म्हणजे सरकार शहर विकत घेते आणि मोबदल्यात गुण देते, असे ऋषिराम म्हणे. आणि भाव मात्र एकट्या सरकारनेच ठरवायचा.

नामांकन आणि व्हिसा हाती पडायला दोन वर्षे गेली, आणि त्याला मिळाले मलूरा. कापसाचे गाव. सिडनीपासून पश्चिमेला दिवसभराचा प्रवास. एक मुख्य रस्ता, दोन बेकऱ्या, त्यातली एक बंद. सरकी काढणाऱ्या एका कंपनीच्या शाखेत तो हिशेब पाहू लागला. राहायला म्हाताऱ्या मिसेस हॅलोरन यांच्या अंगणामागचे छोटे घर मिळाले; करारमदार काही नाही, भाडे दर शुक्रवारी रोख, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या बिस्किटांच्या डब्यात. ऋषिरामने त्यावरही आक्षेप घेतला होता. पण म्हातारी म्हणाली होती, "कागद करायला मी काय बँक आहे का?" आणि विषय संपला होता.

त्याला सर्वांत जास्त झोंबत होते ते पर्थ. त्याचा एक कॉलेजमित्र याच पंधरा गुणांवर पर्थला गेला होता. वीस लाख वस्ती, समुद्रकिनारा, तीन नेपाळी दुकाने. आणि सरकारच्या यादीत तेही 'प्रादेशिक'.

"तो तिथे लाटा बघतो आणि मी इथे बोंडं बघतो," ऋषिराम फोनवर ध्रुवला सांगे. "गुण दोघांना सारखेच. याला न्याय म्हणतात."

"मग जा ना दादा तूही पर्थला. नियमात बसतं."

"नामांकन या राज्यानं दिलंय. शब्द दिलाय मी."

"मग बोंडं बघ."

ऋषिराम मलूऱ्यात राहिला, पण मलूऱ्याचा झाला नाही. आपण इथे पाहुणे आहोत, तीन वर्षे सरली की परत रॉकडेल, ही त्याची धारणा इतकी पक्की की त्याने वाहन परवान्यावरचा पत्ता बदलला नाही, बँकेला कळवले नाही, कराची पत्रेही ध्रुवच्याच दारात येऊ दिली. स्थलांतर खात्याला तेवढे नियमाप्रमाणे कळवले होते. बाकी कशाला? दोनदा पत्ता बदलण्यापेक्षा एकदाही न बदललेला बरा. अशी चूक मूर्ख माणूस करत नाही; ती मनाने कधीच परत गेलेला माणूस करतो.

दरम्यान त्याने वेळ घालवण्याचे साधन शोधले. ते म्हणजे तक्रार. त्याचे वडील शाळामास्तर होते. अन्याय दिसला की लेखी कळवावा, हे त्यांनी शिकवले होते, आणि मलूऱ्यात अन्यायांची टंचाई नव्हती. कचऱ्याची गाडी ठरलेल्या वेळेआधी येते. वाचनालय शनिवारी भर दुपारी बंद होते. पदपथावर नीलगिरीची मुळे वर आली आहेत. आणि शेजारच्या ग्लेनिस पार्कर या विधवा बाईंचा गुलाबी पोपट पहाट व्हायच्या आत "किटली ठेव, किटली ठेव" असे ओरडतो. प्रत्येक तक्रार नगरपालिकेकडे, पूर्ण नावानिशी, पत्त्यानिशी, मुद्देसूद. नगरपालिकेत तक्रारी पाहणारा डॅरल नावाचा लठ्ठ, सुस्वभावी माणूस होता. तो दर वेळी स्वतः यायचा, मुळे बघायचा, पोपट ऐकायचा, आणि म्हणायचा, "ऋषी, मला तू नोकरीवर कायम ठेवतोस बघ."

तीन वर्षे पुरी झाली. ऋषिरामने पंचेचाळिशी ओलांडली होती, आणि गुणांवर मिळणाऱ्या कुठल्याही व्हिसाचे दार त्या वयानंतर बंद असते. म्हणजे हाच अर्ज, दुसरा नाही. त्याने कागद जोडले, पाठवले आणि परतीचे सामान मनातल्या मनात बांधायला घेतले.

खात्याचे उत्तर आले. अर्जदार या काळात प्रादेशिक भागातच राहत होता, याचा पुरावा अठ्ठावीस दिवसांत द्यावा.

ऋषिरामने कागदांकडे खात्याच्या नजरेने पाहिले. परवाना: रॉकडेल. बँक: रॉकडेल. कराचे दाखले: रॉकडेल. पगाराच्या पावत्यांवर कंपनीच्या मुख्य कार्यालयाचा पत्ता, तेही सिडनी. वीजबिल मिसेस हॅलोरनच्या नावावर, आणि त्या गेल्या हिवाळ्यात वारल्या. त्यांचा मुलगा डार्विनला, त्याला भाड्याचे काही ठाऊक नाही, कारण डब्यात बिस्किटांखेरीज काय असते हे त्याने कधी पाहिले नव्हते. शाखेच्या व्यवस्थापकाने पत्र दिले खरे. पण ते कामाचे झाले. राहण्याचे काय? जिथे तो एक दिवसही मनापासून राहिला नव्हता, तिथे तो राहिला होता हे सिद्ध करायचे होते; आणि जिथे त्याचे मन राहत होते, तिथे तो कागदोपत्री खरोखरच राहत होता.

"दादा, घाबरू नकोस," ध्रुव म्हणाला. "माझ्या ओळखीचा एक आहे. मागच्या तारखेचा भाडेकरार करून देतो. म्हातारीची सही काय, कोणीही करेल."

"मेलेल्या बाईची सही?"

"ती थोडीच हरकत घेणार आहे."

"ध्रुव, खोटा कागद सापडला तर हा अर्जही जाईल आणि पुढची तीन वर्षे दुसरा व्हिसाही मिळणार नाही. आणि नाही सापडला तरी तो खोटाच. मी हिशेबनीस आहे रे."

"मग खरं बोलून घरी जा. चितवनला."

फोन ठेवून ऋषिराम पायरीवर बसून राहिला. तेवढ्यात कुंपणावरून ग्लेनिस डोकावली. हातात नगरपालिकेचे पत्र होते.

"पुन्हा पोपट?" ती म्हणाली. "अरे, त्यानं आता काय केलं? त्याला मी रात्री चादर घालते. तुला पण घालू का?"

"घाला," ऋषिराम म्हणाला. हे इतके अनपेक्षित होते की ती फाटक उघडून आत आली. मग त्याने सारे सांगितले. मुद्देसूद, कारण दुसऱ्या पद्धतीने त्याला सांगता येत नव्हते. ग्लेनिसने ऐकले आणि ती हसायला लागली. तिला खोकला येईपर्यंत ती हसली.

"म्हणजे तू इथे राहत होतास हे कोणाला माहीत नाही?" ती डोळे पुसत म्हणाली. "ऋषी, या गावात तुझ्याइतका राहिलेला माणूस मी बघितला नाही. चल, गाडीत बस."

नगरपालिकेत डॅरलने ऐकून घेतले आणि खुर्चीत मागे रेलला.

"सरकार म्हणतं हा इथे नव्हता?" त्याने ग्लेनिसला विचारले. "हे मला तीन वर्षांपूर्वी कळलं असतं तर किती बरं झालं असतं."

त्याने संगणक उघडला. ऋषिरामची प्रत्येक तक्रार तारखेसह, पत्त्यासह, आणि डॅरल ज्या दिवशी दारात येऊन त्याला भेटला त्या नोंदीसह तिथे होती. एकही महिना कोरा नव्हता. छपाईयंत्राचा कागद मध्येच संपला. डॅरलने नवा गठ्ठा घातला आणि वर नगरपालिकेच्या शिक्क्याचे पत्र जोडले.

"मुळांचं काम पुढच्या अंदाजपत्रकात आहे," तो म्हणाला. "हे खरं बोलतोय."

"मागच्या वेळीही खरंच बोलला होतास," ऋषिराम म्हणाला. आणि त्या दिवसात तो पहिल्यांदाच स्वतःसारखा वाटला.

वाचनालयात शपथपत्रांवर साक्ष करणारे एक निवृत्त गृहस्थ आठवड्यातून एकदा टेबल टाकून बसत. ग्लेनिसने तिथे स्वतःच्या हाताने लिहिले. ऋषिरामने ते सहीनंतरच वाचले. 'हा माणूस तीन वर्षांहून अधिक काळ माझ्या शेजारी राहतो. त्याचा दिवा रोज रात्री माझ्या खिडकीत दिसतो. त्याने माझ्या पक्ष्याविरुद्ध वारंवार तक्रार केली आहे. मिसेस हॅलोरन आजारी असताना त्यांचे जेवण तोच नेऊन देत असे, आणि ते तिखट असे. तो मला आवडतो असे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण तो इथे होता, हे सांगू शकते.'

"'आवडत नाही' हे लिहिणं आवश्यक होतं का?" त्याने विचारले.

"शपथपत्र आहे," ती म्हणाली. "आणि तसं लिहिलेलंच नाही. नीट वाच."

खात्याने मग कित्येक महिने काही कळवले नाही, कारण घाई फक्त अर्जदाराने करायची असते. उन्हाळा लागला, कापूस गुडघ्याएवढा झाला, आणि एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत कायम वास्तव्याची मंजुरी फोनवर आली. ऋषिरामने ती चार वेळा वाचली; चूक काढण्यासारखे त्यात काही नव्हते.

ध्रुवने तासाभरात दादासाठी खोली रिकामी करण्याचे ठरवले. "दादा, कधी येतोस? वहिनी शोधायला घेऊ का आता?"

"आधी खोली. मग बघू."

"म्हणजे कधी?"

"बघू म्हटलं ना."

संध्याकाळी ग्लेनिस कुंपणाशी टोमॅटोच्या वेलांना काठ्या बांधत होती. बातमी तिच्यापर्यंत त्याच्याआधी पोचली होती.

"मग, सामानाचा ट्रक कधी येतोय?" तिने वर न बघता विचारले.

"आता मी कुठेही राहू शकतो," तो म्हणाला. "सिडनी. मेलबर्न. कोणी विचारायचं नाही."

"मी विचारतेय."

ऋषिरामने विचार केला. साडेतीन वर्षांत पहिल्यांदाच या प्रश्नाला नियमाचे उत्तर नव्हते, आणि त्यामुळे त्याची पंचाईत झाली.

"लगेच नाही," तो अखेर म्हणाला. "वर्षाअखेरचे हिशेब माझ्याशिवाय कोणाला जमणार नाहीत. त्यानंतर ठरवीन."

"ठरव की. यंदा टोमॅटो फार येणार आहेत आणि मला एकटीला संपणार नाहीत. त्यांचं ते तिखट काय करतोस, भाजून, कुटून?"

"गोलभेंडाको अचार. त्याला मोहरीचं तेल लागतं, तुमच्या दुकानात मिळत नाही. मी कळवलं होतं त्यांना."

"मग सिडनीहून मागव," ग्लेनिस म्हणाली आणि दोरीचे दुसरे टोक त्याच्या हातात दिले. "हे धर. नाही, असं नाही. घट्ट."