माझ्या खात्यात चार वेळा एकशे एक

आमच्या सहकारी बँकेच्या बदनापूर शाखेत कॉम्प्युटर कळणारा एकटा मीच होतो. (हे माझंच मत.) साहेब मला कॉम्प्युटरचा इनचार्ज करणार, असंही कानावर आलं होतं.

आदल्या दिवशी मी कामासाठी जालन्याच्या मुख्य कचेरीत गेलो होतो. सकाळी येऊन कालच्या व्यवहारांचा अहवाल छापला आणि घाम फुटला. एकाच खात्यात एकशे एक रुपये रोख जमा, चार वेळा! आणि खातं माझंच. कर्मचाऱ्याच्या खात्यात असं काही दिसलं की पहिला संशय त्याच्यावरच. इनचार्ज सोडा, नोकरी राहिली तरी पुष्कळ होतं.

नियम असा, की अहवालातली प्रत्येक नोंद जमा स्लिपशी ताडून मगच बोलायचं. पण मी तज्ज्ञ ना!

"साहेब, मशीननं एकच नोंद चारदा उचलली. तीन उलटवून टाकू."

"पक्कं?"

"बिलकुल."

मी माझ्या खात्याला तीन वेळा एकशे एक नावे टाकले, म्हणजे वजा केले, साहेबांनी मंजुरीची सही केली. कर्तव्यासाठी स्वतःच्या खात्यालाही कात्री लावणारा माणूस म्हणून मी दिवसभर छाती काढून फिरलो.

संध्याकाळी कॅशियर कादरीभाई नोटा मोजून उठले. "तीनशे तीन रुपये जादा होऊन राह्यले. काल माझी कॅश बराबर जुळली होती. आज हात कुणी लावला?"

बँकेत पैसे जास्त निघणं हाही गुन्हाच. आता मात्र मी कालच्या स्लिपा काढल्या. चार वेगळ्या स्लिपा, चार वेगळे अनुक्रमांक, प्रत्येकीवर कादरीभाईंचा रोख मिळाल्याचा शिक्का. म्हणजे पैसे खरंच चारदा आले होते! आणि खाली भरणाऱ्याची सही आमच्या दादांची. म्हणजे माझ्या वडलांची.

मी गावी, हसनाबादला दादांना फोन लावला.

"दादा, काल बँकेत आल्ता?"

"आल्तो की. चार पाव्हणे होते संगं. एकेकाला खिडकीपाशी नेऊन तुझी मशीन दाखवली."

"मंग पैसे कशाला भरले?"

"काम न्हाई तर खिडकीपाशी कसं उभं राहायचं? पोराची इज्जत हाय तिथं."

लाज वाटली की अभिमान, ठरेना. बहुतेक दोन्ही.

तीन नोंदी पुन्हा जमा केल्या, कॅश जुळली. इनचार्जपद कादरीभाईंना मिळालं. साहेब म्हणाले, "ते आधी स्लिप बघतात."

पुढच्या आठवड्यात दादांनी माझं पासबुक भरून नेलं. चार जमा, तीन नावे, पुन्हा तीन जमा, अर्धं पान गच्च. ते पान त्यांनी सगळ्या गावाला दाखवलं, "बघा, आमच्या पोराचा बँकेत किती कारभार चालतो!"

आयुष्यात माझ्या कामाचं जाहीर कौतुक झालं ते एवढंच, आणि त्या पानावरची खरी कामं, पहिले चार भरणे, दादांनीच केलेली होती.